श्वेत बटू ताऱ्यांना वस्तुमानाची मर्यादा का असते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

## चंद्रशेखर मर्यादा म्हणजे नेमके काय?

इंधन संपल्यावर ज्या ताऱ्याचा गाभा केवळ इलेक्ट्रॉनांच्या अपभ्रष्टता दाबावर तग धरून असतो, त्याला श्वेत बटू म्हणतात. अशा ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४४ पटीपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि या कमाल वस्तुमानाला सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेले आहे.

ही मर्यादा वस्तुमानाची आहे, दाबाची किंवा घनतेची नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवे. ‘एका ठरावीक दाबाला इलेक्ट्रॉन हार मानतात आणि तारा कोसळतो’ असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी वाचायला मिळते, पण ते चुकीचे आहे. इलेक्ट्रॉनांचा दाब कितीही वाढू शकतो. तो ज्या वेगाने वाढतो तो वेग अपुरा पडतो, आणि या पानावरची बहुतेक उत्तरे शेवटी याच एका मुद्द्याशी येऊन पोहोचतात.

## अपभ्रष्टता दाब येतो कुठून?

इंग्रजीत ज्याला डीजनरसी प्रेशर म्हणतात तो हा दाब पुंजयामिकीच्या दोन नियमांमधून निर्माण होतो. पहिला नियम पाउली यांचे विवर्जन तत्त्व. एका क्वांटम अवस्थेत एकाच वेळी एकच इलेक्ट्रॉन असू शकतो, आणि फिरकीच्या दोन शक्यता धरल्या तर एकाच संवेगाच्या पातळीवर फार तर दोन इलेक्ट्रॉन मावतात. दुसरा नियम हायझेनबर्ग यांचे अनिश्चितता तत्त्व. कण जितक्या लहान जागेत कोंडावा, तितका त्याच्या संवेगाचा पल्ला मोठा होतो.

आता श्वेत बटूच्या अंतरंगाकडे पाहू. तेथे अणू शाबूत राहिलेले नसतात. कार्बन आणि ऑक्सिजनची अणुकेंद्रे असतात, आणि त्यांच्यापासून सुटलेले इलेक्ट्रॉन सगळीकडे मोकळे फिरत असतात. घनता वाढली की प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या वाट्याला येणारी जागा आक्रसते. कमी संवेगाच्या सर्व पातळ्या आधीच भरलेल्या असल्यामुळे उरलेल्या इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक वरच्या पातळ्यांवर जावे लागते. म्हणजे तारा पूर्ण थंड झाला, तरी त्यातले बहुतेक इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धावतच असतात, आणि वेगाने धावणारे कण जो दाब देतात तोच हा दाब. दर घनमीटरमध्ये `n` इलेक्ट्रॉन असतील, तर सर्वांत वरच्या पातळीचा संवेग `n` च्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. पुढच्या गणितासाठी एवढे पुरेसे आहे.

## हा दाब म्हणजे इलेक्ट्रॉनांमधले विद्युत प्रतिकर्षण नव्हे का?

नव्हे. इलेक्ट्रॉनांवर विद्युतभारच नसता, तरीही हा दाब निर्माण झाला असता. ताऱ्यात धन आणि ऋण भार समसमान असतात, त्यामुळे विद्युत बलांचा निव्वळ परिणाम अगदी थोडा उरतो. तो उरतो तोही उलट्या दिशेचा असतो, कारण अणुकेंद्रांचे इलेक्ट्रॉनांवरील आकर्षण थोडे वरचढ ठरते आणि एकूण दाब किंचित कमी होतो.

## साध्या ताऱ्याप्रमाणे येथे उष्णता का कामी येत नाही?

सूर्यासारख्या ताऱ्यात दाब तापमानावर अवलंबून असतो. तारा थोडा आक्रसला की तापतो, तापल्यावर दाब वाढतो आणि तो पुन्हा सावरतो. श्वेत बटूत मात्र इलेक्ट्रॉनांची ऊर्जा तापमानाने नव्हे, तर घनतेने ठरते. व्याधाचा जोडीदार असलेल्या व्याध-बी या श्वेत बटूचे उदाहरण घेऊ. त्याच्या सरासरी घनतेला सर्वांत वरच्या पातळीवरच्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा सुमारे अडीच लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर दोन कोटी केल्व्हिन तापमानाची उष्ण हालचाल त्यात जेमतेम दीड-दोन हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टची भर घालते. उष्णतेचा वाटा शतांशाहून कमी आहे. त्यामुळे असा तारा निवत गेला तरी त्याचा आकार जवळपास तसाच राहतो. पुढे सुपरनोव्हाच्या प्रश्नात हीच गोष्ट घातक कशी ठरते ते येईलच.

## वस्तुमान वाढल्यावर श्वेत बटू लहान होतो, असे का?

ताऱ्याला तोलून धरण्यासाठी केंद्राशी लागणारा दाब वस्तुमानाच्या वर्गाच्या समप्रमाणात आणि त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो:

```
लागणारा दाब  ~  G M² / R⁴
```

मिळणारा दाब किती, हे पाहण्यासाठी दाबाचा साधा अर्थ घेऊ: दर घनमीटरमधले कण, गुणिले प्रत्येकाचा संवेग, गुणिले त्याचा वेग. इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा बराच कमी असेल, तर वेग संवेगाच्या समप्रमाणात असतो. संवेग `n` च्या घनमुळाप्रमाणे वाढतो, वेगही तसाच वाढतो, म्हणून दाब `n` च्या ५/३ घाताप्रमाणे वाढतो.

आता त्रिज्या न बदलता वस्तुमान दुप्पट केले असे समजू. लागणारा दाब चौपट होईल. घनता दुप्पट झाल्यामुळे मिळणारा दाब `2^(5/3)`, म्हणजे सुमारे ३.२ पट होईल. दाब कमी पडला, म्हणून तारा आक्रसेल, आणि त्रिज्या मूळच्या सुमारे ७९ टक्के झाली की तोल पुन्हा साधेल. त्रिज्या वस्तुमानाच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम यातूनच निघतो.

राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये श्वेत बटूंना प्रथम अपभ्रष्टता दाबाचा आधार दाखवून दिला, तेव्हा चित्र एवढेच होते. त्यात कोणतीही मर्यादा नव्हती. वस्तुमान कितीही वाढवा, तारा अधिक लहान होऊन तोल सांभाळणारच, असे ते गणित सांगत होते.

## मग मर्यादा येते कुठून?

प्रकाशाच्या वेगामुळे. वरच्या गणितात एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे संवेग वाढला की वेगही त्याच प्रमाणात वाढतो. पण तारा जसजसा जड आणि लहान होतो, तसतसा इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जातो आणि तिथे अडतो. संवेग मात्र पुढेही वाढतच राहतो. ‘कण, गुणिले संवेग, गुणिले वेग’ या गुणाकारातला तिसरा घटक गोठल्यामुळे दाब आता `n` च्या ५/३ नव्हे, तर ४/३ घाताप्रमाणे वाढतो. घातांकातला हा फरक किरकोळ वाटतो, पण सगळी गोष्ट त्यातच आहे.

एक तारा दाबून त्याची त्रिज्या अर्धी केली तर काय होईल, ते पाहू. घनफळ एक अष्टमांश होईल, म्हणजे घनता आठपट. तोल राखण्यासाठी लागणारा दाब `R⁴` मुळे सोळापट होईल. इलेक्ट्रॉन मंद असतील, तर मिळणारा दाब `8^(5/3)`, म्हणजे ३२ पट होईल. ३२ ही संख्या १६ पेक्षा मोठी आहे, म्हणून तारा या दडपणाला प्रत्युत्तर देईल आणि पुन्हा फुगून मूळ जागी येईल. हाच तोल स्थिर असतो. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचलेले असतील, तर मिळणारा दाब `8^(4/3)`, म्हणजे १६ पट. लागणारा दाबही १६ पट. दोन्ही बाजू अगदी बरोबरीने वाढल्या.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. या अवस्थेत आक्रसण्याने ताऱ्याचा काहीही लाभ होत नाही. आक्रसण्यापूर्वी दाब एक टक्क्याने कमी पडत असेल, तर निम्म्या आकारालाही तो एक टक्क्यानेच कमी पडेल, आणि शतांश आकारालाही तेवढ्याच प्रमाणात. त्रिज्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून निघून गेली आहे. उरले फक्त वस्तुमान: गुरुत्वाकर्षणाची मागणी `M²` प्रमाणे वाढते, आणि इलेक्ट्रॉनांचा पुरवठा `M^(4/3)` प्रमाणे. या दोन्ही राशी वस्तुमानाच्या एकाच मूल्याला समान होतात. त्याहून कमी वस्तुमान असेल, तर तारा फुगतो, इलेक्ट्रॉन मंदावतात, ५/३ चा नियम पुन्हा लागू पडू लागतो आणि तोल साधतो. त्याहून जास्त वस्तुमान असेल, तर कोणत्याच त्रिज्येला तोल साधत नाही. म्हणूनच ही मर्यादा वस्तुमानाची आहे.

## १.४४ हा आकडा कसा मिळतो?

वरच्या दोन राशी समान मांडल्या, तर इलेक्ट्रॉनचे वस्तुमानसुद्धा गळून पडते आणि फक्त निसर्गाचे मूलभूत स्थिरांक उरतात:

```
M  ~  (ħc/G)^(3/2) / m_p²  ≈  3.7 × 10³⁰ किलोग्रॅम
```

हे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.८५ पट आहे. येथे `m_p` हे प्रोटॉनचे वस्तुमान आहे. ते येथे येते, कारण ताऱ्याचे वजन अणुकेंद्रांमुळे असते आणि दाब इलेक्ट्रॉनांमुळे. पुंजयामिकीचा `ħ`, सापेक्षतेचा `c` आणि गुरुत्वाकर्षणाचा `G` अशा तिन्ही स्थिरांकांमधून, एकाही ताऱ्याचे निरीक्षण न करता, ताऱ्याच्या मापाची संख्या बाहेर पडते. भौतिकशास्त्रात इतक्या थोड्या सामग्रीतून इतके मोठे फळ क्वचितच मिळते, असे मला वाटते.

नेमका आकडा काढण्यासाठी ताऱ्यात घनता केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत कशी बदलते तेही हिशेबात घ्यावे लागते. तो हिशेब केल्यावर सूत्र असे होते:

```
M = 5.83 / μe²   (सौर वस्तुमानात)
```

`μe` म्हणजे दर इलेक्ट्रॉनमागे अणुकेंद्रांत किती प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आहेत ती संख्या. हेलियम, कार्बन आणि ऑक्सिजन यांत ती २ असते, म्हणून मर्यादा सुमारे १.४६ येते, आणि विद्युत बलांची आधी सांगितलेली छोटी वजावट केली की ती थोडी खाली उतरते. म्हणूनच १.४ ते १.४६ दरम्यानचे वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात, आणि १.४४ हा त्यांतला रूढ झालेला आकडा. लोहासाठी `μe` २.१५ असल्यामुळे याच सूत्राने मर्यादा सुमारे १.२६ पर्यंत खाली येते. मर्यादा एकच नसून ती ताऱ्याच्या घडणीप्रमाणे बदलते, हे बरेचदा सांगायचे राहून जाते.

## प्रत्यक्ष ताऱ्यांत हे दिसते का?

दिसते, आणि त्यासाठी मर्यादेपर्यंत जावेही लागत नाही. दोन श्वेत बटूंची तुलना पुरेशी आहे. ४० एरिडानी-बी या ताऱ्याचे वस्तुमान ०.५७ सौर वस्तुमान आणि त्रिज्या सुमारे ९१०० किलोमीटर आहे. व्याध-बीचे वस्तुमान १.०२ सौर वस्तुमान आणि त्रिज्या सुमारे ५८०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षाही थोडी कमी. या दोघांची वस्तुमाने त्यांच्या जोडीदार ताऱ्यांबरोबरच्या कक्षीय गतीवरून मोजता येतात, म्हणजे त्यांसाठी अपभ्रष्टता दाबाचा सिद्धांत खरा मानण्याची गरज पडत नाही. त्यामुळे ही कसोटी प्रामाणिक ठरते.

फाउलर यांच्या वेळचा घनमुळाचा नियम लावला, तर ४० एरिडानी-बीवरून व्याध-बीची त्रिज्या सुमारे ७५०० किलोमीटर यायला हवी. प्रत्यक्षात ती त्याहून १७०० किलोमीटरने कमी आहे. तारा अपेक्षेपेक्षा जास्त आक्रसला आहे, कारण त्याच्यातला दाब अपेक्षेपेक्षा मवाळ झाला आहे.

किती मवाळ, तेही काढता येते. व्याध-बीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे २५ लाख पट आहे. यावरून दर घनमीटरमध्ये सुमारे `7.5 × 10³⁵` इलेक्ट्रॉन येतात, आणि त्यांच्यातील सरासरी अंतर एका अणूच्या आकाराच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास पडते. या घनतेला सर्वांत वरच्या पातळीचा संवेग इलेक्ट्रॉनचे वस्तुमान आणि प्रकाशाचा वेग यांच्या गुणाकाराच्या १.०८ पट निघतो, म्हणजेच हे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ७३ टक्के वेगाने धावत असतात. केंद्राशी घनता याच्या दहापटीहून अधिक असते आणि तिथे हा वेग ९० टक्क्यांच्या पुढे जातो. व्याध-बी अजून मर्यादेपासून दूर आहे, पण त्याच्या केंद्रातले इलेक्ट्रॉन ४/३ च्या नियमाकडे बरेच झुकलेले आहेत.

मर्यादेच्या फार जवळचा एक तारा २०२१ मध्ये जाहीर झाला. त्याचे नाव `ZTF J1901+1458`. त्याची त्रिज्या सुमारे २१४० किलोमीटर, म्हणजे चंद्रापेक्षा थोडीच जास्त आहे, आणि वस्तुमान सुमारे १.३३ ते १.३७ सौर वस्तुमान मानले जाते. येथे एक खबरदारी घ्यावी: हे वस्तुमान त्रिज्येवरून, याच सिद्धांताच्या आधारे काढलेले आहे. त्यामुळे हा तारा सिद्धांताचे चित्र दाखवतो, पण त्याचा स्वतंत्र पुरावा म्हणून मांडता येत नाही.

## चंद्रशेखर यांनी हे केव्हा शोधले, आणि त्याला विरोध का झाला?

१९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, भारतातून इंग्लंडला जहाजाने जाताना त्यांनी फाउलर यांच्या गणितात सापेक्षतेचा विचार घातला. विल्हेल्म अँडरसन आणि एडमंड स्टोनर यांनीही त्याच सुमारास सापेक्षतेचा परिणाम हिशेबात घेतला होता, पण सर्वत्र एकसारखी घनता मानून. घनतेचा खरा उतार धरून केलेला हिशेब चंद्रशेखर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मर्यादा ०.९१ सौर वस्तुमान आली होती. भौतिकी बरोबरच होती. फरक पडला तो `μe` मुळे: त्यांनी तो २ ऐवजी सुमारे २.५ धरला होता, आणि त्याचा वर्ग छेदात असल्यामुळे उत्तर बरेच खाली आले.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत आर्थर एडिंग्टन यांनी या निष्कर्षावर जाहीर टीका केली. तारा अमर्याद कोसळत जाईल हा परिणाम त्यांना मान्य होण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी सापेक्षता आणि अपभ्रष्टता यांची सांगड घालण्याच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. हा आक्षेप टिकला नाही. पण विरोध करताना एडिंग्टन यांनी गणिताचा परिणाम अचूक ओळखला होता, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे. चंद्रशेखर यांना १९८३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विल्यम फाउलर यांच्यासह मिळाले. हे फाउलर वेगळे, १९२६ च्या शोधाचे राल्फ फाउलर नव्हेत.

## वस्तुमान मर्यादेजवळ गेले की प्रत्यक्षात काय घडते?

आदर्श गणितात मर्यादेला त्रिज्या शून्य होते. खरा तारा तेथपर्यंत पोहोचत नाही, कारण वाटेतच दुसरे काहीतरी घडते. काय घडते, हे त्याच्या घडणीवर अवलंबून असते.

कार्बन-ऑक्सिजनचा श्वेत बटू जोडीदाराकडून द्रव्य ओढून घेत सुमारे १.३७ सौर वस्तुमानापर्यंत पोहोचला, की केंद्राची घनता पाण्याच्या सुमारे दोन अब्ज पट होते आणि कार्बनचे संमीलन सुरू होते. साधा तारा अशा वेळी तापून फुगला असता आणि थंडावला असता. येथे दाब तापमानाला दाद देत नाही, म्हणून तारा फुगत नाही, तापमान वाढत जाते, त्यामुळे संमीलन आणखी वेगाने होते, आणि काही सेकंदांत सगळा तारा उधळला जातो. हा प्रकार Ia चा सुपरनोव्हा होय. मात्र या प्रकारचे सगळे स्फोट याच मार्गाने होत नाहीत. दोन श्वेत बटूंच्या विलीनीकरणातून, किंवा मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे असलेल्या ताऱ्यावरील हेलियमच्या थराने पेट घेतल्यानेही ते होऊ शकतात, आणि कोणत्या मार्गाचा वाटा किती, यावर संशोधकांत अजून एकमत नाही.

ऑक्सिजन-निऑनच्या गाभ्यात वेगळी गोष्ट संभवते. वरच्या पातळीवरच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा इतकी वाढते की अणुकेंद्रे त्यांना गिळू लागतात आणि प्रोटॉनांचे न्यूट्रॉन होतात. दाब देणारे इलेक्ट्रॉनच कमी होतात, `μe` वाढतो, मर्यादा खाली सरकते आणि गाभा कोसळून न्यूट्रॉन तारा बनू शकतो. मोठ्या ताऱ्यांच्या लोहाच्या गाभ्यातही हीच प्रक्रिया कोसळण्याला हातभार लावते. इलेक्ट्रॉन गिळले जाणे हे मर्यादेचे मूळ कारण नाही. ते नसते, तरी मर्यादा असतीच. ते फक्त कोसळणे लवकर घडवून आणते.

## सूर्याच्या पाच-सहा पट वस्तुमानाचा तारा श्वेत बटू कसा होऊ शकतो?

मर्यादा मागे उरलेल्या गाभ्याला लागू होते, जन्माच्या वेळच्या ताऱ्याला नाही. असा तारा आयुष्याच्या शेवटी आपले बहुतेक बाह्य द्रव्य अवकाशात सोडून देतो आणि साधारण एका सौर वस्तुमानाचा गाभा मागे राहतो. जन्माच्या वेळी सुमारे आठ सौर वस्तुमानांपर्यंत असलेले तारे बहुधा याच वाटेने जातात.

## ही मर्यादा ओलांडलीच जात नाही का?

सूत्र ज्या गृहीतकांवर उभे आहे ती बदलली, तर ओलांडली जाऊ शकते. तारा एखाद्या घन वस्तूसारखा एकसंध फिरत असेल, तर केंद्रोत्सारी परिणामामुळे कमाल वस्तुमान काही टक्क्यांनीच वाढते, कारण त्याहून वेगाने फिरल्यास विषुववृत्तावरचे द्रव्य सुटू लागते. आतले थर बाहेरच्या थरांपेक्षा खूप वेगाने फिरत असतील, तर ही वाढ बरीच मोठी असू शकते. `SN 2003fg` हा सुपरनोव्हा इतका तेजस्वी होता की त्यामागच्या ताऱ्याचे वस्तुमान सुमारे दोन सौर वस्तुमान असावे असा अंदाज मांडला गेला. तो वेगाने फिरणारा एकच तारा होता, की एकमेकांत मिसळलेल्या दोन श्वेत बटूंचे द्रव्य होते, हे केवळ त्याच्या तेजावरून ठरवता येत नाही.